पाटीवरची वीस मे

लग्नाची तारीख लोकांच्या डोक्यात पक्की बसवायची असेल, तर ती पडद्यावर पाच सेकंद जागची हलता कामा नये, असा कुंदनचा नियम होता. हा नियम त्याने कोणत्या पुस्तकात वाचला नव्हता. नाशिकच्या सिडकोतल्या भिकनशेठच्या स्टुडिओत सात वर्षं लोकांची लग्नं कापता-जोडता तो स्वतःच शिकला होता. तारीख नाचवायची नाही, फिरवायची नाही, तिच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या नाहीत. अर्धं गाव व्हिडिओ आवाज बंद करून बघतं, म्हणून संगीतावर भिस्त ठेवायची नाही. आणि फोनच्या पडद्यावर अगदी खाली तारीख टाकायची नाही, कारण तिथे नाव आणि बटणं येऊन बसतात. एवढं सगळं पाठ असलेल्या माणसाच्या हातून व्हायचं ते झालं, म्हणून तर ही गोष्ट सांगायची.

निकिता आणि सुयशचं प्री-वेडिंग शूट फेब्रुवारीत झालं होतं. मुलगी निफाडची, मुलगा नाशिकचाच. गंगापूर धरणाच्या काठी सकाळी सातला दोघं थंडीत कुडकुडत उभी राहिली, मग द्राक्षाच्या बागेत हिंडली, मग एका चहाच्या टपरीवर बसली. टपरीवर भिकनशेठने त्यांच्या हातात एक पाटी दिली. लाकडी चौकटीची जुनी शाळेची पाटी. अशी पाटी स्टुडिओत कायम असते आणि प्रत्येक जोडपं आपल्यालाच ती पहिल्यांदा सुचली असं समजून खूश होतं. सुयशने तिच्यावर खडूने लिहिलं, 'आमचं ठरलं! २० मे'. निकिता शेजारी बसून इतकं हसली की तिच्या हातातला चहा हिंदकळला. बशीत सांडलेला चहाही फोटोत दिसत होता. पाचशे फोटोंत तो एकच फोटो असा होता की ज्यात दोघं कॅमेऱ्याला विसरली होती.

कुंदनने सत्तावीस फोटो निवडले आणि चाळीस सेकंदांचा 'सेव्ह द डेट', म्हणजे लग्नाची तारीख कळवणारा, व्हिडिओ बांधला. संगीत विकत घेतलेल्या संग्रहातलं, शब्दांशिवायचं. सिनेमाचं गाणं लावलं की इन्स्टाग्राम आवाज कापून टाकतं, हे त्याने एकदा पोळून शिकलेलं होतं. आधी नुसता पियानो, दर दोन सेकंदांना एक फोटो. मग पियानो थांबतो, क्षणभर काहीच वाजत नाही आणि तिथे पाटीचा फोटो. मग ढोल, आणि प्रत्येक सेकंदाला एक फोटो. शेवटी सगळं थांबून एक घंटा वाजते आणि काळ्या पडद्यावर सोनेरी अक्षरांत तारीख उमटते. प्रत्येक फोटो ठोक्यावर बदलावा म्हणून त्याने आवाजाच्या पट्टीवर खुणा मारून घेतल्या होत्या. अर्ध्या ठोक्याची चूकही त्याच्या कानाला खड्यासारखी लागायची.

व्हिडिओचा नमुना बघायला निकिता एकटीच आली. दोनदा बघितला, शेवट पुन्हा मागे नेला आणि कपाळाला आठी घातली.

"आवडला नाही का?" कुंदनने विचारलं.

"आवडला. पण शेवटची तारीख इंग्रजीत आहे. तीही अशी वळणदार. आकडासुद्धा नाही, शब्दांत लिहिलीय."

"सुयश सरांनीच तसा फॉन्ट मागितला. ह्या सोनेरी टेम्प्लेटमध्ये मराठी टाकलं तर वेलांट्या भलत्याच जागी जातात, जोडाक्षरं फुटतात. वाचायला ओंगळ दिसतं."

निकिता बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "दादा, हा व्हिडिओ माझ्या आईला पाठवायचाय. तिला इंग्रजी येत नाही. मराठी चौथीपर्यंत शिकलीय."

तिची आई मालनबाई. निकिता अकरा वर्षांची असताना तिने निफाडचं घर सोडलं, आणि पुढे घोटीच्या रंगनाथ नावाच्या माणसाशी दुसरं लग्न केलं. घर का सोडलं हे निकिताने सांगितलं नाही, पण बोलताना तिचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला, तेवढ्यावरून कुंदन काय ते समजला. त्यानंतर तेरा वर्षं आईचं नाव घरात निघालं नाही. लग्न ठरलं तेव्हा तिच्या लताआत्याने बजावलं होतं, ती बाई मांडवात दिसली तर तुझे वडील कन्यादान करणार नाहीत. पत्रिका आत्याच्या कपाटात मोजून ठेवलेल्या. जुन्या शेजारणीकडून आईचा नंबर मिळाला होता. फोन करायची मात्र हिंमत नव्हती, कारण आवाज ऐकला की दोघींनाही पुढचं बोलता येणार नाही आणि घरात कळेल.

"ती मागे कुठेतरी उभी राहील. पाहुण्यांत कोण ओळखणार? मला फक्त ती आली पाहिजे. हा व्हिडिओच तिची पत्रिका आहे, दादा. तिला तारीख कळली पाहिजे."

कुंदनचा जीव कळवळला. तो म्हणाला, "अहो, पाटी आहे ना! पाटीवर मराठीत लिहिलंय की चांगलं ठसठशीत. पाटीचा फोटो मी दोनाचे तीन सेकंद करतो, पुढच्या खुणा सरकवतो. संगीत थांबलेलं असताना माणूस नीट बघतो. आईंना तारीख कळणार, ही जबाबदारी माझी."

त्याने तिच्यासमोरच फोटो लांबवला, पाटीवर अलगद झूमही दिला. निकिता निघताना दारात पुन्हा वळली आणि हात जोडून गेली. कुंदन दिवसभर स्वतःवर खूश होता.

आठवड्याभराने सुयशच्या कंपनीने त्याला अठरा मेच्या विमानाने परदेशी रुजू व्हायला सांगितलं. लग्न आठवडाभर अलीकडे आलं, तेरा मे. भिकनशेठचा निरोप आला, 'निफाडवाल्यांची तारीख बदल, आजच पाठवायचंय.' त्या दिवशी कुंदनपुढे आठ कामं रांगेत होती. त्याने शेवटचा सोनेरी मजकूर उघडला, वीसचं तेरा केलं, स्पेलिंग दोनदा तपासलं, पाच सेकंद मोजले आणि व्हिडिओ पाठवून दिला. पाटी तिच्या जागी होती. रोजच्या वाटेवरचा दगड जसा डोळ्यांना दिसेनासा होतो, तसा तो फोटो त्याला दिसेनासा झाला होता. निकितानेही शेवटचीच तारीख तपासली. आत्या खोलीत यायच्या आत तिने व्हिडिओ आईला पाठवला. तासाभराने उत्तर आलं, 'येते बाळा'. तिने ते एकदा वाचलं आणि सगळा संवाद पुसून टाकला.

बाकीच्या पाहुण्यांच्या घरी नव्या तारखेच्या पत्रिका पोचल्या होत्या. ज्यांना पाटी खटकली असेल त्यांनी पत्रिकेवर विश्वास ठेवला. पत्रिका नव्हती ती एकाच माणसाला.

तेरा मेला गंगापूर रोडच्या लॉन्सवर सकाळपासून उन्हाचा नुसता भडका होता. कुंदन स्टेजच्या बाजूला टेबल टाकून बसला होता. तीन कॅमेऱ्यांची चित्रं त्याच्यासमोर येत आणि तो निवडेल ते मोठ्या एलईडी पडद्यावर जाई. निकिताने आईचा एक जुना फोटो त्याच्या फोनवर दिला होता आणि सांगितलं होतं, "गर्दीत दिसली की एक फोटो काढा. मला तेवढा पुरे." म्हणून तो पाहुण्यांचे चेहरे एकेक करून चाळत होता. हिरव्या नऊवारीतल्या आज्या, गॉगल घातलेले मामा, पंख्यापुढची जागा सोडायला तयार नसलेले काका. मालनबाई नव्हती.

सव्वाअकराला मुहूर्ताला वेळ होता म्हणून त्याने पडद्यावर सेव्ह द डेटचा व्हिडिओ लावला. पियानो वाजला, थांबला. बारा फूट रुंद पडद्यावर पाटी आली.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा पाहुणा शेजाऱ्याला ढोसून म्हणाला, "आरं, ही पोरं वीस तारखेला लगीन करत्यात जणू! आपुन आठ दिस आधीच जेवायला आलो व्हय?"

आजूबाजूचे हसले. कुंदनही सवयीने हसला. मग त्याचे डोळे पाटीवर गेले.

त्याने व्हिडिओ मागे नेला. २० मे. पुन्हा नेला. २० मे. तीन सेकंद, त्यानेच लांबवलेले, झूमसकट. आईंना तारीख कळणार, ही जबाबदारी माझी. त्या बाईने व्हिडिओत जे वाचता येत होतं तेच वाचलं असणार, आणि ते वाचता यावं याची व्यवस्था त्याने स्वतःच्या हाताने केली होती.

तो वधूच्या खोलीकडे पळाला. दारात करवल्यांची गर्दी. "एक मिनिट, कॅमेऱ्याचं काम आहे," असं सांगून तो आत घुसला. निकिता आरशासमोर बसली होती, मुंडावळ्या बांधून तयार. आरशातूनच तिने त्याच्याकडे बघितलं.

"आली?" ओठांनी नुसतं विचारलं.

"आईंचा नंबर द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "गेटवर गर्दी आहे, वाट सांगतो त्यांना."

तिने नंबर पाठ म्हणून दाखवला. एकदाही न लावलेला नंबर तिला पाठ होता.

कुंदन लॉन्सच्या मागच्या भिंतीला जाऊन उभा राहिला आणि फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा उचलला तो पुरुषाने, झोपेतून उठलेल्या आवाजात.

"रंगनाथ बोलतोय. कोन?"

"मालनबाई आहेत का? मी नाशिकहून बोलतोय, निकिताच्या लग्नातून."

"ती गिरनीत गेलीय कामाला, भाताच्या. फोन घरीच ऱ्हातो तिचा. लगनाचं काय? वीस तारखेला हाय ना?"

"काका, लग्न आज आहे. बारा बत्तीसला."

पलीकडे खाट करकरली.

"आज कसं आसंल?" रंगनाथ म्हणाला. "पाटीवर लिव्हलंय की वीस. धा-धा येळा थांबवून बघितलंय तिनं. मला बी वाचून दाखवलं. शेठकडं वीसची सुट्टी सांगितलीय. ब्लाऊज शिवायला टाकलाय, शिंपी एकोनीसला देनार हाय."

"माझी चूक झाली, काका. माझीच. तुमच्याकडे गाडी आहे का? निघा, पाया पडतो तुमच्या. त्यांना गिरणीतून तशाच घ्या आणि निघा."

रंगनाथ रात्रपाळीचा वॉचमन. त्याने पुढे काही विचारलं नाही. फोनवर चपला शोधल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

अकरा पस्तीस झाले होते. घोटीहून मोटारसायकलने तासाच्या आत येणं अवघड, त्यात आधी गिरणी गाठायची, त्यात पाथर्डी फाट्याची गर्दी. कुंदनने मनातल्या मनात हिशेब मांडला, तो जुळेना. सात वर्षं त्याने वेळ कापली होती, ताणली होती, मागची पुढे नेली होती. आता समोरचं घड्याळ एक सेकंद ऐकायला तयार नव्हतं.

एरवी मराठी लग्नात मुहूर्त कधी वेळेवर लागत नाही आणि शिव्या फोटोग्राफरला पडतात. त्या दिवशी कुंदनने त्या शिव्या स्वतःहून मागून घेतल्या. नवरदेवाची एन्ट्री दोनदा करायला लावली, ड्रोनचं कारण सांगून. मग वधूच्या प्रवेशाचं गाणं लागायच्या क्षणी पडदा काळा केला आणि केबल काढून हातात धरून बसला. बारा बत्तीस होऊन गेले. भिकनशेठ धावत आला.

"काय झालं रे?"

"सिग्नल जातोय, शेठ. पाच मिनिटं."

"पाच मिनिटं? तिकडं मुलाचा बाप मला खायला उठलाय! अठराचं विमान, सगळं वेळेवर पाहिजे म्हणून आधीच दहा वेळा सांगितलं त्यांनी. पडदा गेला चुलीत, लग्न लावू दे!"

तिकडे निकितानेही नथीचं निमित्त काढलं होतं. आधी नथ टोचते म्हणून काढली, मग पाणी मागितलं, मग चुडा सैल झाला म्हणाली. लताआत्या तिच्यावर खेकसली, "मुहूर्त टळतोय, उठ!" निकिताने दाराकडे एकदा बघितलं आणि उठली. तिचा मामा काही आला नव्हता, आईबरोबर तेही नातं तुटलं होतं. मामाच्या जागी एक चुलता तिला हाताला धरून बोहल्यावर घेऊन आला.

अंतरपाट धरला गेला. भटजींनी गळा मोकळा केला. सगळ्यांच्या मुठीत अक्षता होत्या. निकिता अंतरपाटाच्या अलीकडे हार धरून उभी होती आणि तिची नजर गर्दीवर फिरत होती, डावीकडून उजवीकडे, मागच्या खुर्च्यांपर्यंत आणि परत. मग ती नजर कुंदनच्या टेबलावर येऊन थांबली. तिने भुवया किंचित उचलल्या.

आली का?

कुंदनने घड्याळ बघितलं. बारा चव्वेचाळीस. फोनवर काही नव्हतं. नाही म्हणावं तर ही पोर भरल्या मांडवात रडणार, आणि का रडते हे आत्याला बरोबर कळणार. त्याने मान हलवली. हो. आणि बोटाने मागे, लांब, गर्दीच्या शेवटाकडे खूण केली.

निकिताच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते त्याने पाटीच्या फोटोत बघितलं होतं. तीन कॅमेऱ्यांनी ते टिपलं. कुंदनला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

मंगलाष्टकं संपली, शेवटचं सावधान झालं, अक्षतांचा पाऊस पडला, बँड वाजला. लग्न लागलं.

एक वाजून सात मिनिटांनी गेटवर मोटारसायकल थांबली. कुंदन तिथेच उभा होता. मागून उतरलेली बाई फोटोतल्यापेक्षा बरीच वाळलेली होती. अंगावर कामाची विटकी साडी, केसांत भाताचा कोंडा, पापण्यांवरसुद्धा कोंडा. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली.

"लागलं का?" तिने विचारलं.

त्याने मान खाली घातली.

मालनबाई रडली नाही. गेटच्या कमानीवरची फुलं बघत उभी राहिली. आतून जेवणाच्या पंगतीचा गलका येत होता. रंगनाथ म्हणाला, "पळत आलो ओ. फाट्यावर गाडीच हालंना."

"आत चला," कुंदन म्हणाला. "सप्तपदी चालू आहे, लांबून तरी बघा."

"ह्या अवतारात? नको, दादा. मंग तिचीच मान खाली जाईल. समदे हाईत तिथं." तिने मिटलेल्या मुठीकडे बघितलं. "गिरनीतनं निघताना तांदूळ घेतले व्हते. म्हनलं, अक्षता कोनाकडं मागाव्या. कुंकू लावाया सवड झाली नाय."

कुंदनने तिला स्टुडिओच्या गाडीत बसवलं. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर होतं. त्याने लॅपटॉप उघडून तिच्या मांडीवर ठेवला आणि शेवटचं मंगलाष्टक शोधून लावलं. पडद्यावर निकिता उभी होती, हार धरून, हसत. मालनबाईने पदराचं टोक दातांत धरलं. तिला मुलगी तेरा वर्षांनी दिसत होती. अकरा वर्षांची पोर सोडून गेली होती, ही एवढी मोठी बाई समोर.

"हसती कशी बघा," ती म्हणाली. "कोनाकडं बघून हसती?"

"तुमच्याकडे," कुंदन म्हणाला. "मी तिला खोटं सांगितलं, तुम्ही मागे उभ्या आहात म्हणून."

भटजींचा आवाज चढला. शेवटची ओळ आली. मालनबाईचे ओठ हलत होते, कान लावून ती वाट बघत होती, आणि शेवटच्या 'सावधान'वर, अगदी ठोक्यावर, तिने मूठ उघडून तांदूळ पडद्यावर टाकले. दाणे निकिताच्या चेहऱ्यावरून घरंगळत कीबोर्डच्या फटींत गेले. कुंदनच्या हातात छोटा कॅमेरा होता. निकिताला कबूल केलेला फोटो म्हणून त्याने तो उचलला होता, पण बोटाने आपोआप व्हिडिओचं बटण दाबलं होतं.

जाताना ती म्हणाली, "तिला उशिराचं सांगू नका. आत्ताच्या आनंदात इख नको. सांगा, मागंच उभी व्हती, टाकल्या अक्षता, गेली."

लग्नाची छोटी फिल्म तीन दिवसांत द्यायची होती. कुंदनने ती बांधली तेव्हा कीबोर्डचं एक बटण तांदळामुळे अडकत होतं. सावधान या शब्दावर सगळ्यांचे हात वर जातात, तिथे त्याने आईचा हात बसवला, मग चेहरा, सव्वा सेकंद. गाडीची खिडकी कापून टाकली, रंग जुळवले, मांडवाचा गलका खाली घातला. पुढे निकिताचं हसू जोडलं. जोड इतका बेमालूम झाला की भिकनशेठलाही कळला नाही. फिल्ममध्ये मालनबाई लग्नाला वेळेवर आली होती. आपली चूक आपणच भरून काढली असं कुंदनला अर्धा दिवस वाटलं.

सतरा तारखेला दुपारी निकिताचा फोन आला.

"आई दिसली," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "खूप वेळा बघितली."

"हो."

"दादा, ती कामावरच्या साडीत आली होती. केससुद्धा विंचरले नव्हते. माझ्या लग्नाला." तिचा आवाज फुटला. "मी वेड्यासारखी नंबर पाठ करून बसले होते. तिला एक बरी साडीही नेसावीशी वाटली नाही का? दोन मिनिटं थांबावंसंही वाटलं नाही? आत्या म्हणते तेच खरं असेल मग."

मालनबाईने लेकीसाठी मागितलेलं खोटं त्याने अगदी मापात कापून दिलं होतं, आणि ते बरोबर मालनबाईच्याच अंगावर उलटलं होतं. त्याने डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. पाटी, वीस मे, वाढवलेले तीन सेकंद, गिरणी, कोंडा, खोटी हललेली मान, गाडीतला लॅपटॉप. मध्ये थांबला असता तर पुन्हा बोलायचं धाडस झालं नसतं.

"ब्लाऊज शिवायला टाकलाय त्यांनी," शेवटी तो म्हणाला. "शिंपी एकोणीसला देणार आहे. विसाची सुट्टी काढलीय. तुम्हाला काय बोलायचं ते मला बोला, निकिताताई. त्यांना काही बोलू नका."

फोन चालू होता. तिच्याकडे कुठेतरी बॅगांच्या चेन ओढल्याचा आवाज येत होता, सुयशची तयारी चालली असावी. कुंदन फोन कानाला धरून उभा राहिला. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्या सुयश जातोय," अखेर ती म्हणाली. "नंतर मी एकटीच आहे. वीस तारखेला तुम्हाला वेळ आहे का?"

वीस तारखेला भिकनशेठने त्याच्यावर सटाण्याच्या लग्नाचं काम टाकलेलं होतं.

"आहे," कुंदन म्हणाला.

"मग कॅमेरा घ्या. घोटीला जायचंय. मी लग्नातला शालू नेसून येईन. आणि ती पाटी आहे का अजून स्टुडिओत?"

कुंदनने मान वर करून फळीकडे बघितलं. निकिता-सुयशनंतर उन्हामुळे एकही प्री-वेडिंग शूट झालं नव्हतं, आणि मे महिन्यात स्टुडिओत कोणाला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, पाटी कोण पुसणार? ती फेब्रुवारीत ठेवली तशीच भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्यावर सुयशच्या अक्षरात अजून वीस मेच लिहिलेलं होतं.